पनीर, शहनाई आणि आक्कांचं मंगलाष्टक

"गोंधळ झालाय? छान. म्हणजे आता शिकायला सुरुवात झाली."

हे वाक्य म्हणताना बाई उजव्या हाताचा अंगठा चारही बोटांच्या टोकांवरून फिरवायच्या. खडू झटकल्यासारखा. निवृत्त होऊन पंधरा-सोळा वर्षं झाली होती, बोटांना खडू लागण्याचा संबंध उरला नव्हता. तरी समोरचा माणूस गोंधळला की त्यांची बोटं आपोआप झटकली जायची. आणि माझ्यासमोर असल्या की ती दिवसभर झटकलीच जायची.

नोएडातल्या आमच्या सोसायटीत बाई आमच्या समोरच्या दारात राहायच्या. जन्म ग्वाल्हेरचा, नोकरी दिल्लीतल्या एका शाळेत. तिथे त्यांनी आयुष्यभर विज्ञान शिकवलं. घरात शुद्ध मराठी, लिफ्टमध्ये पाऊल टाकलं की अस्खलित हिंदी. मी त्यांचा विद्यार्थी नव्हतो, पण हे त्यांना कधीच मान्य नव्हतं. बावन्न वर्षांच्या, डोक्यावरचे केस जवळजवळ संपलेल्या माणसाला त्या सगळ्या सोसायटीसमोर "बाळ" म्हणायच्या. अशा एखाद्या बाई तुमच्याही ओळखीच्या असतील. त्यांच्यासमोर आपण नकळत पाठ ताठ करून बसतो.

त्यांच्याबरोबर बसून मी एकदा एका लग्नाची कॅसेट पाहिली. ती गोष्ट सांगायची आहे. गोष्टीत मी बराच वेळ मूर्ख दिसतो. त्याला इलाज नाही, तसाच होतो.

कॅसेट होती बाईंच्या लेकीच्या, मंजूच्या लग्नाची. व्हीएचएस, जाडजूड, कडेला मंजूच्या अक्षरात "लग्न" एवढंच लिहिलेलं. मंजूचं लग्न दिल्लीतच झालं, एका पंजाबी घरात. आता मंजूची मुलगी ईशा हिचं लग्न ठरलं होतं, आणि बाईंना ती कॅसेट कॉम्प्युटरवर घेऊन हवी होती.

"आठवण म्हणून?" मी विचारलं.

"पुरावा म्हणून," बाई म्हणाल्या.

तो कसला, ते कळायला आक्का माहीत असायला हव्यात. आक्का म्हणजे बाईंची थोरली नणंद. राहतात ग्वाल्हेरला. भाचीच्या लग्नासाठी त्यांनी स्वतः एक मंगलाष्टक रचलं होतं. आपल्याकडे ही हौस असतेच. गुरुजींची ठरलेली मंगलाष्टकं झाली की घरातलं कुणीतरी पुढे होतं आणि आपलं म्हणतं. आक्कांनी वृत्त सांभाळून, मात्रा मोजून केलं होतं, दोन महिने खपून. लग्न लागलं, आणि त्याच संध्याकाळी आक्का न जेवता ग्वाल्हेरच्या गाडीत बसल्या. का, तर "माझं मंगलाष्टक झालंच नाही."

बाईंचं म्हणणं, झालं. "मी तिथे चार हातांवर उभी होते. पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत झालं."

आक्कांचं म्हणणं, नाही झालं.

यावर तीस वर्षं गेली. बाईंचे यजमान, म्हणजे आक्कांचे सख्खे धाकटे भाऊ, मध्यंतरी वारले. दिवसांना आक्का आल्या, पण वहिनीशी कामापुरतंच बोलल्या. आता ईशाच्या लग्नाचं आमंत्रण गेलं, तर ग्वाल्हेरहून निरोप आला, "माझे आशीर्वाद आहेत. यायला जमणार नाही." आक्कांचं वय चौऱ्याऐंशी. पुढच्या एखाद्या लग्नाची वाट पाहण्याइतका वेळ दोघींकडेही उरला नव्हता.

"त्यांना दाखवते," बाई म्हणाल्या. "चूक दाखवली की विद्यार्थी मान्य करतो. त्यांनी स्वतःला म्हणताना पाहिलं की संपलं."

"पण कॅसेट इतकी वर्षं घरात होती. आधी का नाही दाखवलीत?"

बाईंनी बोटं झटकली. "कारण तिच्यात आवाज नाही, बाळ. गाणी आहेत."

तुम्ही त्या काळातल्या दिल्लीच्या लग्नाची कॅसेट पाहिली असेल तर लगेच समजेल. चित्र लग्नाचं, आवाज मात्र व्हिडिओवाल्याच्या आवडीचा. इथे त्याने सुरुवातीपासून शेवटपर्यंत शहनाई घातली होती. मेंदीवर शहनाई, मंगलाष्टकांवर शहनाई, जेवणाच्या पंगतीवरही शहनाईच. मंगलाष्टकांच्या वेळी आक्का पडद्यावर दिसायच्या, हिरवं नऊवारी नेसलेल्या. ओठ हलायचे. मध्येच ते मिटायचे, आणि आक्का थेट कॅमेऱ्याकडे बघायच्या. दोन-तीन क्षण. मग पुन्हा ओठ हलायला लागायचे. बाईंच्या घरी ही जागा आली की सगळे हसायचे. "आत्या बघा, पोझ देतायत!"

पुराव्याच्या दृष्टीने मात्र सगळा गोंधळ होता. बाईंच्या बाजूचे म्हणत, ओठ हलतायत ना? मग म्हटलं. आक्कांच्या बाजूचे म्हणत, ओठ मिटले ना? मग थांबवलं.

हे काम माझ्याकडे आलं, कारण माझ्याकडे व्हीसीआर होता. मेव्हण्याने आखातातून आणलेला, पुढे चंदेरी अक्षरांत "हाय-फाय स्टिरिओ" लिहिलेला. तो माळ्यावर होता आणि मी अधूनमधून पाहुण्यांना त्याची थोरवी सांगत असे. बायकोने, मेधाने, तो भंगारात द्यायचा प्रयत्न दोनदा केला होता. बाई कॅसेट घेऊन आल्या तेव्हा मी मेधाकडे अशा नजरेने पाहिलं की बस.

"आधी चालू तर होऊ दे," मेधा म्हणाली.

तो चालू झाला नाही. आतला रबरी पट्टा चिकट गोळा होऊन बसला होता. चांदणी चौकासमोरच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात तीन चकरा मारून नवा पट्टा बसवून आणला. मग कॅसेटच्या काचेतून आत पाहिलं, तर टेपच्या कडेवर पांढरी पूड. बुरशी. मी कॅसेट आत ढकलणार, एवढ्यात बाईंनी माझा हात धरला.

"ही आत गेली तर पहिल्यांदा कुठे लागेल?"

"हेडला," मी म्हणालो.

"आणि मग?"

एवढ्या वर्षांनी मला पुन्हा तोंडी परीक्षा आली होती.

मग रीतसर काम झालं. कॅसेट चार दिवस डब्यात बंद ठेवली, बरोबर बुटांच्या खोक्यात येतात त्या ओल शोषणाऱ्या पुड्या. मग स्क्रू काढून कवच उघडलं आणि टेप हाताने हळूहळू गुंडाळत, धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसून काढली. व्हीसीआरमधलं ते गोल फिरणारं चकचकीत नळकांडं, ज्याच्या कडेला हेड बसवलेली असतात, तेही साफ केलं. त्यालाही पद्धत आहे. कापडाला स्पिरिट लावून ते नळकांड्याला नुसतं टेकवायचं, आणि नळकांडं बोटाने फिरवायचं. वरखाली घासलंत तर हेड तुटतं. मी वरखाली घासायला निघालो होतो. बाईंची बोटं झटकली गेली.

रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर आमच्या हॉलमध्ये मंडळी जमली. मंडळी म्हणजे बाई, मेधा आणि मी. व्हीसीआरच्या मागून तीन वायरी निघाल्या, पिवळी चित्राची, लाल आणि पांढरी आवाजाची. त्या एका काडेपेटीएवढ्या डबीत गेल्या आणि डबी कॉम्प्युटरला जोडली. कॅसेट जेवढी तेवढाच वेळ लागतो, घाई चालत नाही. टेप चालते, डबी तिचं आकड्यांत रूपांतर करत राहते, आपण बघत बसायचं.

पडद्यावर मांडव आला. शहनाई लागली.

आणि एकाएकी थांबली. त्या जागी आला माणसांचा कलकलाट. भांडी वाजत होती. कुणीतरी "अरे चाबी किसके पास है?" असं ओरडलं. मग खर्रर्र झालं आणि पुन्हा शहनाई.

"हे काय?" मेधा म्हणाली.

"दुसऱ्या कुठल्यातरी लग्नाचा आवाज मिसळलाय," मी अधिकारवाणीने सांगितलं. "टेप जुनी झाली की असं होतं."

"कसं होतं?" बाई म्हणाल्या.

"असंच. होतं."

पुन्हा कलकलाट, पुन्हा खरखर, पुन्हा शहनाई. चित्र मात्र तेच, अखंड. मी डबी काढून परत लावली. वायरी अदलाबदल केल्या, त्यामुळे पडदा हिरवा झाला. मेधाने सुचवलं की बाजारात पट्टा बदलणाऱ्याने आत काहीतरी रेडिओ बसवला असेल. मी त्यावर खरोखर विचार केला, यावरून माझी अवस्था ओळखा.

बाई खुर्ची पुढे ओढून पडद्याच्या अगदी जवळ बसल्या होत्या. "मागे घे. पुन्हा एकदा."

मी मागे घेतलं.

"आता त्या ताशेवाल्याच्या काडीकडे बघा."

पडद्यावर वरात मांडवाच्या दाराशी आली, ताशेवाल्याने काडी उचलली. शहनाईचा त्या काडीशी काही संबंध नव्हता. मग खर्रर्र झालं, कलकलाट आला, आणि काडी पडली की तड्, काडी पडली की तड्.

"आवाज चित्राबरोबर हलतोय," बाई म्हणाल्या. "दुसऱ्या लग्नाचा कसा असेल? हा ह्याच लग्नाचा आहे. टेपवर दोन आवाज आहेत. एक खरा आणि एक घातलेला. प्रश्न असा, की घातलेला आवाज खऱ्याच्या जागी बसला, तर खरा राहिला कुठे?"

मी गोंधळलो होतो. हे मी न सांगताच त्यांना कळलं, बोटं झटकली गेली. "छान. माहितीपत्रक आहे का ह्याचं?"

होतं. मी कागद टाकत नाही, यावरूनही आमच्या घरी वाद असतात. दोन दिवस ते वाचून आणि इंटरनेटवर डोकं घालून जे हाती लागलं ते तुम्हाला थोडक्यात सांगतो, कारण मला ते फार आवडलं.

व्हीएचएसच्या टेपवर आवाज ठेवायला दोन जागा असतात. एक टेपच्या कडेला, बारीक सरळ पट्टी. साधे, स्वस्त व्हीसीआर तेवढीच वाचतात. दुसरी जागा चित्राच्या खाली, अगदी त्याच जागेत पण जास्त खोल. फिरणाऱ्या नळकांड्यावरचं एक हेड आधी आवाज टेपच्या आत खोलवर उमटवतं आणि त्याच्या मागून येणारं हेड वरच्या थरात चित्र उमटवतं. तोच हाय-फाय आवाज. कडेची पट्टी पुसून तिच्यावर नंतर गाणं भरता येतं, तशी सोय त्या यंत्रांत होती. खालचा आवाज मात्र चित्र पुसल्याशिवाय पुसता येत नाही.

व्हिडिओवाल्याचा कॅमेरा त्या काळी नवाकोरा, खांद्यावरचा, दोन्ही जागी आवाज घेणारा असणार. बाईंनी सगळ्यात साधं पॅकेज घेतलं होतं, त्यामुळे काटछाट नाही. कॅमेऱ्यातलीच टेप, कडेला शहनाई भरून, हातात दिलेली. बाईंच्या घरच्या साध्या व्हीसीआरने इतकी वर्षं कडेची शहनाई ऐकवली. माझा व्हीसीआर खालचा आवाज शोधत होता, आणि टेप खराब असेल तिथे तो सापडला नाही की मुकाट्याने कडेवर येत होता. म्हणून खरखर, म्हणून शहनाई.

"म्हणजे तीस वर्षं," मेधा म्हणाली, "ते सगळं बोलणं त्या चित्राच्या खाली पडून होतं?"

बाई पदराला बोटं पुसत होत्या.

पुढच्या रविवारी आम्ही थेट मंगलाष्टकांवर गेलो. या वेळी मंजूही आली होती, पत्रिकांचा गठ्ठा घेऊन. गुरुजींचा आवाज स्वच्छ आला. "सावधान" ऐकू आलं. आक्का पुढे झाल्या, हिरवं नऊवारी, खोल श्वास. ओठ उघडले, आणि शहनाई.

"अरे यार!" मंजू ओरडली.

नेमकी तिथेच टेपला घडी पडली होती. बहुधा आक्कांची पोझ बघायला सगळ्यांनी तिथेच पुन्हा पुन्हा थांबवून, मागे घेऊन. व्हीसीआर आपोआप चित्र जास्तीत जास्त चांगलं दिसेल अशा बेताने स्वतःला जुळवून घेतो. त्याला ट्रॅकिंग म्हणतात. ते बटण दाबून हातानेही करता येतं, अधिक, उणे. मी उणे दाबत गेलो. चित्रावर खाली पांढऱ्या रेघा आल्या, आक्कांचे पाय थरथरायला लागले.

"अहो, चित्र बिघडतंय," मंजू म्हणाली.

"बिघडू दे," बाई म्हणाल्या. "आवाज हवाय."

आणखी दोनदा उणे. खरखर, खरखर, आणि मग एक बारीक, पातळ, पण सुरात असलेला आवाज उगवला.

*जाते सोडुनि माय-बाप, यमुनातीरी नवे अंगण...*

मंजूने पत्रिका खाली ठेवल्या. बाईंचा चेहरा उजळला. त्यांनी मेधाचा हात दाबला. "म्हटलं होतं की नाही? म्हटलं होतं की नाही मी?"

आणि त्याच क्षणी आक्कांच्या आवाजावर दुसरा आवाज चढला. मोठा, जवळचा, खणखणीत.

"भैया, पनीर कम तो नहीं पडेगा?"

आम्ही एकमेकांकडे बघितलं.

"मॅडम, टेन्शन मत लो."

"टेन्शन कैसे न लूँ? बारात में चालीस लोग ज्यादा आए हैं! और वो रायता अभी से क्यों निकाला? ढक के रखो, ढक के!"

वर्गात चाळीस पोरांना गप्प करणारा तो आवाज ओळखायला कुणालाच वेळ लागला नाही. बाईंच्या घरची पद्धत अशी, की मंगलाष्टकं चालू असताना वधूच्या आईने समोर उभं राहायचं नाही. त्या मांडवाच्या खांबाआड उभ्या होत्या. आणि खांबाशीच कॅमेरा होता. कॅमेऱ्याचा माईक त्याच्या डोक्यावरच असतो आणि त्याला मान-अपमान कळत नाही. जो जवळ, त्याचा आवाज मोठा. आक्का दहा हातांवर गात होत्या आणि बाई माईकच्या कानात पनीर मोजत होत्या.

पडद्यावर आक्कांचे ओठ मिटले. त्यांनी वळून थेट कॅमेऱ्याकडे बघितलं. म्हणजे कॅमेऱ्याकडे नव्हेच. त्याच्या शेजारी. दोन-तीन क्षण त्या थांबल्या, वर्ग शांत व्हायची वाट बघत शिक्षक थांबतात तशा.

"...और गुलाबजाम गिन के देना," बाईंचा आवाज म्हणाला.

आक्कांनी मान वळवली आणि पुढचं म्हणायला सुरुवात केली. शेवटच्या "कुर्यात् सदा मंगलम्" पर्यंत. पूर्ण. एक अक्षर न गाळता.

या जागेवर बाईंच्या घरचे वर्षानुवर्षं हसत आले होते. या वेळी कुणी हसलं नाही.

"पुन्हा एकदा," बाई म्हणाल्या.

पुन्हा लावलं. पनीर, रायता, गुलाबजाम.

"मला हे अजिबात आठवत नाही," त्या म्हणाल्या. आवाज बारीक झाला होता. "मी तिथे उभी होते, ऐकत होते, असंच मला आठवतं. अगदी स्पष्ट आठवतं. ही कोण बोलतेय?"

बाईंना गोंधळलेलं मी पहिल्यांदा पाहिलं. बोटं मांडीवर निपचित पडली होती.

मंजू म्हणाली, "पण आई, तू जिंकलीस ना? आत्यांनी पूर्ण म्हटलंय. पाठवून दे त्यांना."

"काय पाठवू? मागच्या बाकावर कोण बोलत होतं, ते?"

माझ्यातला तंत्रज्ञ जागा झाला. मी म्हणालो, "बाई, तुमचा आवाज कमी करता येतो का बघू. आजकाल सॉफ्टवेअर असतात. नुसतं मंगलाष्टक ठेवू."

बाईंनी माझ्याकडे बघितलं. "बाळ, उत्तरपत्रिकेत खाडाखोड करायला सांगतोयस मला?"

मग आठवडाभर बाई आल्या नाहीत. त्यांच्या दाराआडून मात्र दुपारी ते मंगलाष्टक ऐकू यायचं. मंजूने फाइल त्यांच्या फोनवर घालून दिली होती. पनीरसकट. पुन्हा, पुन्हा. मेधा म्हणाली, "त्यांना बोलाव चहाला. अशा एकट्या बसल्या तर बरं नाही."

चहाला आल्या, आणि आल्या आल्या म्हणाल्या, "इथूनच फोन लावते. तिकडे एकटीने धीर होत नाही."

फोन नेहमीप्रमाणे स्पीकरवर. बाई कानाला फोन लावत नसत. पलीकडे बराच वेळ घंटी वाजली.

"हॅलो? कोण?"

"आक्का, मी बोलतेय. दिल्लीहून."

"बोला, मास्तरीणबाई." आवाज थकलेला होता, पण सुरात होता. "लग्नाचं मी कळवलंय. गुडघे नाहीत."

"लग्नाचं नाही. आक्का, तुमचं मंगलाष्टक... मी ऐकलं."

"कधी?"

"मागच्या रविवारी."

"मागच्या रविवारी? पोरीची पोर बोहल्यावर चढायला आली, आणि तुम्ही मागच्या रविवारी ऐकलंत?"

"हो."

"बरं झालं होतं का?"

"फार सुंदर होतं." "मी सगळ्यांना सांगत राहिले, की झालं, पूर्ण झालं. तुम्ही म्हणत होतात झालं नाही. आणि मी तिथे त्या वेळी... आक्का, मला खरंच आठवत नव्हतं हो..."

"मला आठवतं ना. खांबाशी उभ्या होतात तुम्ही." मग अगदी साध्या सुरात म्हणाल्या, "शेवटी पुरलं का हो पनीर?"

मेधाने तोंडाला पदर लावला. मी चहात बघत राहिलो.

"नाही पुरलं," बाई म्हणाल्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या हसत होत्या. "शेवटच्या पंगतीला बटाटा घातला."

"तरी म्हटलं! व्याह्यांची वहिनी हात धुताना पुटपुटत होती." आक्का खळखळून हसल्या, मग खोकल्या, मग म्हणाल्या, "येते. पण म्हणणार मी. आणि तुम्ही समोर बसायचं. पहिल्या बाकावर."

ईशाचं लग्न नोएडातल्याच एका बँक्वेट हॉलमध्ये झालं. मुलाकडचे दिल्लीचे, मंडळी उत्साही, डीजे सकाळपासून सज्ज. आक्का चाकाच्या खुर्चीतून आल्या, हिरव्याच साडीत. त्यांच्या हातात माईक दिला गेला आणि बाई पहिल्या रांगेतून उठून हॉलकडे तोंड करून उभ्या राहिल्या. ओठांवर बोट. एवढंच. एक शब्द नाही. मी शपथेवर सांगतो, दोनशे माणसं गप्प झाली. डीजेने स्वतःच वायर काढली. एक केटरर हातात ट्रे घेऊन जागच्या जागी उभा राहिला. मग बाई खाली बसल्या, हात मांडीवर.

आक्का तेच जुनं मंगलाष्टक म्हणू लागल्या. पहिल्या दोन ओळी छान गेल्या. तिसरीला अडल्या. आठवेना. हॉलमध्ये टाचणी पडली तरी ऐकू आली असती.

पहिल्या रांगेतून हळूच आवाज आला. "आत्याची इतुकीच आस..."

आक्कांनी मान वळवली. अगदी तशीच. दोन-तीन क्षण बघत राहिल्या. मग माईक तोंडाशी नेऊन म्हणाल्या,

"वर्गात बोलायचं नाही, मास्तरीणबाई."

हॉल हसला. ज्यांना मराठी येत नव्हतं तेही हसले. आणि आक्कांनी उचललं, *आत्याची इतुकीच आस, उजळो दोन्ही घरी या दिवा*, आणि शेवटपर्यंत नेलं. अक्षता पडल्या.

बाई गेल्या हिवाळ्यात गेल्या. थंडी त्यांना कधीच सोसायची नाही. आक्कांना फोनवर सांगितलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "आता कोण गोंधळ घालणार?" समोरचं दार बंद असतं. मी अजून लिफ्टची वाट बघताना पाठ ताठ करतो.

ईशाच्या लग्नाचा व्हिडिओ मंजूने मला पाठवला. चकचकीत आहे, वरून घेतलेली दृश्यं आहेत, आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत गाणी आहेत. मी व्हिडिओवाल्याला फोन केला. म्हटलं, मूळ आवाज हवा. तो म्हणाला, "सर, रॉ फुटेज तो डिलीट हो गया. क्यों, गाना चेंज करना है?" मी दोन दिवस त्या फाइलच्या मागे लागलो. सगळे मार्ग करून पाहिले. तिच्या खाली दुसरा आवाज नाही.

कधी दुपारी मी तो लावतो. गाणं जोरात चालू असतं. हिरव्या साडीतल्या आक्का म्हणता म्हणता अडतात. कॅमेरा पहिल्या रांगेवर येतो. तिथे बाई बसलेल्या असतात, हात मांडीवर, आणि त्यांचे ओठ हलतात.

मी आवाज बंद करतो. मग नीट ऐकू येतं.